आंब्यावरचं आग्या मोहोळ
>> "बागेत आग्या मोहोळ लागलंय, तोडणी तोंडावर आलीय, जाळून टाकू का?"

जाळू नका हो. आमच्याकडे मागच्या एप्रिलमध्ये आंबे उतरवायच्या घळाची काठी फांदीला लागली आणि पोळं उठलं, ९ गडी होते, त्यातल्या ६ जणांना चावल्या. दोघं जागेवरच हात झटकत राहिले, त्यांनाच सगळ्यात जास्त काटे लागले, बाकीचे तोंडावर टॉवेल घेऊन थेट पंपाच्या खोलीत पळाले आणि दार लावलं. काटे नखाने लगेच खरवडून काढले, कशाने काढताय यापेक्षा किती लवकर काढताय ते महत्त्वाचं कारण विषाची पिशवी काट्यालाच राहते आणि विष आत सोडत राहते. मग साबणाने धुवून बर्फ लावला. एका काकांच्या अंगावर गांध्या उठल्या, ओठ सुजले, धाप लागली, त्यांना घरगुती काही न करता सरळ दवाखान्यात नेलं, तिथे अॅड्रेनालिनचं इंजेक्शन दिलं तेव्हा श्वास मोकळा झाला. बाकीच्यांवरही दिवसभर लक्ष ठेवलं.

पोळ्याला हात लावला नाही. त्याच्या आजूबाजूची ४-५ झाडं दोरी बांधून सोडली, तिकडे फवारणी पण बंद. पावसाच्या तोंडावर माश्या आपणच उठून गेल्या, मग रिकामं पोळं उतरवलं.