मदत हवी आहे: लोरेन्झ वक्र मधेच वर फुगतोय, गिनी बरोबर येईल का?

गोदाकाठ
परभणी जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावातल्या १०० कुटुंबांचं वार्षिक उत्पन्न जमिनीच्या गटांप्रमाणे मांडलंय. एकूण २०० लाख.

भूमिहीन: ३० कुटुंबं, ३६ लाख
१ हेक्टरपर्यंत: ४० कुटुंबं, ४० लाख
१ ते २ हेक्टर: २० कुटुंबं, ४४ लाख
२ हेक्टरच्या वर: १० कुटुंबं, ८० लाख

A रकान्यात कुटुंबांचा संचयी वाटा, B मध्ये उत्पन्नाचा, दुसऱ्या ओळीत दोन्हीकडे शून्य.

```
=1-SUMPRODUCT((A3:A6-A2:A5)*(B3:B6+B2:B5))
```

उत्तर ०.३६६ येतंय. पण रेषा ३० टक्क्यांपाशी वर फुगते. सूत्र चुकलंय का?

औसा_रोड
सूत्र ठीक आहे, क्रम चुकलाय. भूमिहीनांची सरासरी १.२ लाख आणि १ हेक्टरपर्यंतवाल्यांची १ लाख, म्हणजे गरीब गट दुसरा आहे. तो आधी घ्या. बिंदू (४०, २०), (७०, ३८), (९०, ६०), (१००, १००) असे येतील आणि गिनी ०.३९०. झालं काम.

माजलगावकर
तुम्ही मध्यबिंदू धरले असणार, त्यानेच घोळ होतो. माझ्याकडे उत्पन्नाचे वर्ग आहेत आणि शेवटचा '५ लाखांच्या वर' असा उघडा आहे. त्याचा मध्यबिंदू काय धरायचा?

आकडेताई
माजलगावकर दादा, यांच्याकडे गटांच्या खऱ्या बेरजा आहेत, मध्यबिंदूचा प्रश्नच येत नाही. तुमच्या उघड्या वर्गाला मात्र मध्यबिंदू नसतोच. त्या वर्गातल्या कुटुंबांची बेरीज मूळ फॉर्मवरून काढा. ती मिळत नसेल तर सरासरी ६ लाख धरून एकदा आणि १० लाख धरून एकदा गिनी काढा आणि दोन्ही छापा. एकच आकडा दिला तर वाचणाऱ्याला तो मोजलेला वाटेल.

गोदाकाठ, फुगवटा ओळखायची खूण अशी: प्रत्येक तुकड्याचा चढ म्हणजे त्या गटाची सरासरी भागिले सगळ्यांची सरासरी. तुमचे चढ ०.६, ०.५, १.१ आणि ४. लोरेन्झ वक्रात चढ कधी उतरत नाही. इथे उतरला, कारण तुम्ही कुटुंबं जमिनीप्रमाणे लावलीत, उत्पन्नाप्रमाणे नाही. ती रेषा निरुपयोगी नाही. जमिनीच्या उतरंडीवर उत्पन्न कसं वाटलं गेलंय ते ती सांगते, पण तिच्यावरून काढलेल्या आकड्याला गिनी म्हणता येणार नाही.

औसा_रोड यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. गट चढत्या सरासरीने लावले की रेषा सुधारते, पण ०.३९० हा फक्त गटागटांमधला फरक आहे. दोन बिंदू सरळ रेषेने जोडले की गटातल्या प्रत्येक कुटुंबाला सरासरीइतकंच उत्पन्न आहे असं आपण मानतो. त्यामुळे खरा गिनी याहून कमी असू शकत नाही, बहुतेक जास्तच असतो. तुमच्या भूमिहीनांत नोकरदार आणि ऊसतोडीला जाणारे एकत्र आहेत का? असतील तर आधी ते वेगळे करा. आणि ऊसतोडीची उचल आणि मजुरी दोन्ही उत्पन्नात धरू नका. उचल मजुरीतूनच वळती होते, तीच रक्कम दोनदा मोजली जाईल.

गोदाकाठ
ताई, फॉर्म हाताशी आहेत. उचल वेगळी धरलेली नाही. भूमिहीनांतली ५ कुटुंबं पगारदार निघाली, त्यांचे मिळून २० लाख. उरलेल्या २५ चे १६ लाख, म्हणजे सरासरी ६४ हजार. नवा क्रम लावला: हे २५, मग ४०, मग २०, मग ५ पगारदार, शेवटी १०. ओळ एक वाढली म्हणून सूत्रात A7, B7 पर्यंत गेलो. गिनी ०.४६५!

आकडेताई
बरोबर. उत्पन्न तेच, कुटुंबं तीच, एक गट फोडला तर एवढा फरक पडला. आता फॉर्म आहेतच तर जमिनीचे गट बाजूला ठेवा आणि सगळी १०० कुटुंबं उत्पन्नाप्रमाणे लावून काढा. आकडा आणखी वर जाईल, कारण २ हेक्टरच्या वरच्यांत विहीर असलेला बागायतदार आणि निव्वळ कोरडवाहूवाला सारखे नसणार. अहवालात ०.३९० आणि शेवटचा आकडा शेजारी शेजारी द्या.

गोदाकाठ
तसं करायला बसलो तर काही कुटुंबांचं उत्पन्न उणे निघालं. सोयाबीन हातचं गेलं, बियाणं-खत-फवारणीचा खर्च विक्रीपेक्षा जास्त. गटाच्या बेरजेत ते दबलं होतं.

औसा_रोड
शून्य धरा. वजा उत्पन्न असतं का कुठं!

आकडेताई
असतं, आणि शून्य धरलं की एकूण उत्पन्न फुगतं आणि विषमता कमी दिसते. वजा तसंच ठेवलं तर रेषा सुरुवातीला आडव्या अक्षाच्या खाली जाते आणि गिनी ० ते १ च्या चौकटीत राहीलच असं नाही, मग दुसऱ्या गावाशी तुलना अवघड. काहीजण म्हणूनच उत्पन्नाऐवजी घरखर्च घेतात, पण मग तुमचा प्रश्नच बदलतो. किती कुटुंबं आहेत आणि वजा रक्कम मिळून किती, ते सांगा.

माजलगावकर
माझ्या यादीतही अशी आहेत. मी आतापर्यंत ती वगळलीच होती. तेही चालणार नाही ना?