टर्शरी कार्बोकॅटायन स्थिर का असतो: हायपरकॉन्जुगेशन की नुसता +I?

बारावी_लातूर
कॉलेजात सर सांगतात की मिथिल गट इलेक्ट्रॉन ढकलतात (+I), म्हणून टर्शरी कार्बोकॅटायन स्थिर. क्लासमध्ये सांगतात कारण हायपरकॉन्जुगेशन, α-हायड्रोजन मोजा, ज्याचे जास्त तो स्थिर. उत्तर दोन्ही रीतींनी एकच येतं. मग खरं कारण कोणतं? आणि अल्कीनलाही तेच लागू होतं का?

जुना_प्लांटवाला
तुमच्या कॉलेजातल्या सरांचंच बरोबर. धनभारित कार्बनला इलेक्ट्रॉन हवे असतात, अल्किल गट ते पुरवतात, तीन गट असले की जास्त पुरवठा. यापलीकडे काही लागत नाही. हायपरकॉन्जुगेशन, म्हणजे शेजारच्या C–H बंधातले इलेक्ट्रॉन रिकाम्या कक्षकात उतरतात, ही कागदावर बाण काढायची सोय आहे. त्या आकृत्यांमध्ये एक हायड्रोजन सुटा H⁺ दाखवतात. खरंच सुटतो का तो? नाही. मग न घडणाऱ्या गोष्टीला कारण कसं म्हणायचं?

वर्णपट
H⁺ सुटत नाही हे अगदी खरं. ती आकृती म्हणजे प्रत्यक्षातल्या एकाच रेणूचं अपुरं चित्र आहे. पण म्हणून परिणाम काल्पनिक ठरत नाही. दोन कारणांमधला फरक प्रयोगाने दाखवता येतो. +I म्हणजे बंधांमधून जाणारी ओढ, तिला कोनाशी देणंघेणं नाही. हायपरकॉन्जुगेशनला मात्र C–H बंध रिकाम्या p कक्षकाला समांतर लागतो. तो काटकोनात गेला की परिणाम संपला.

टर्शरी ब्युटिल क्लोराइडच्या नऊही हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम घातलं, तर त्याचं आयनीकरण साधारण २.३ पट मंदावतं. क्लोरिन सुटताना कुठलाही C–H बंध तुटत नाही, तरीही. कारण कॅटायनमध्ये C–H बंध इलेक्ट्रॉन देऊन सैल होतो, आणि बंध सैल झाल्याचा लाभ ड्युटेरियमपेक्षा हायड्रोजनला जास्त मिळतो.

आता कोनाचं बघा. शायनर आणि हम्फ्री यांनी १९६३ साली एक पक्का बांधलेला, वळू न शकणारा द्विचक्री क्लोराइड घेतला. त्यात शेजारच्या CH₂ वर ड्युटेरियम ठेवलं की वेग सुमारे १.१४ पट घटला. तेच ड्युटेरियम पुलाच्या टोकावरच्या कार्बनवर ठेवलं, जिथे C–H बंध रिकाम्या कक्षकाशी काटकोनात बसतो, तेव्हा वेग घटला नाहीच, उलट किंचित वाढला. अंतर तेवढंच, म्हणजे दोन्ही हायड्रोजन एकाच बंधापलीकडच्या कार्बनवर. नुसता +I असता तर हा फरक पडायचं कारण नव्हतं.

प्रॅक्टिकल_बॅच
पण मग माझं गणित का बिघडलं? २-ब्रोमो-२-मिथिलब्युटेनवर पोटॅशियम टर्शरी ब्युटॉक्साइड टाकलं तर बहुतेक २-मिथिल-१-ब्युटीन मिळतं, म्हणजे कमी गट असलेलं अल्कीन. सोडियम इथॉक्साइड घेतलं तर २-मिथिल-२-ब्युटीन जास्त. हायपरकॉन्जुगेशन खरं असेल तर पहिल्या वेळी स्थिर अल्कीनच जास्त यायला हवं होतं ना?

वर्णपट
तुम्ही विचारताय कोणतं अल्कीन लवकर तयार होतं ते, आणि इथे चर्चा आहे कोणतं जास्त स्थिर त्याची. टर्शरी ब्युटॉक्साइड अवजड आहे, आतल्या हायड्रोजनपर्यंत त्याला पोचता येत नाही, म्हणून ते बाहेरच्या मिथिलमधला हायड्रोजन उचलतं. दोन्ही अल्कीनांची स्थिरता त्यामुळे बदलत नाही. तेच मिश्रण आम्लात बराच वेळ ठेवलंत तर २-मिथिल-२-ब्युटीनचं पारडं जड होताना दिसेल.

क्लासवाला_मास्तर
स्थिरतेचेच आकडे देतो. २-मिथिल-२-ब्युटीन, २-मिथिल-१-ब्युटीन, ३-मिथिल-१-ब्युटीन. हायड्रोजन घातला की तिघांपासून एकच २-मिथिलब्युटेन मिळतं, म्हणून तुलना सरळ आहे. सुटणारी उष्णता अनुक्रमे सुमारे ११३, ११९ आणि १२७ किलोज्यूल प्रतिमोल. α-हायड्रोजन ९, ५, १. जितके जास्त हायड्रोजन तितकी कमी उष्णता, म्हणजे तितकं अल्कीन स्थिर. मुलांना हे मोजायला शिकवलं तर त्यात चूक काय?

वर्णपट
मास्तर, क्रम लावायला मोजणी उपयोगी आहे, त्यावर माझा आक्षेप नाही. पण ती मोजणी म्हणजेच हायपरकॉन्जुगेशन असं मुलांनी धरलं की पुढे अडतात. तुमच्याच पद्धतीने प्रोपीन, १-ब्युटीन आणि ३-मिथिल-१-ब्युटीन घ्या. α-हायड्रोजन ३, २, १. उष्णता तिघांची १२६ ते १२७ च्या घरात. हायड्रोजन तिनावरून एकावर आले आणि आकडा जागचा हललाच नाही. दुहेरी बंधावर गट किती आहेत ते महत्त्वाचं ठरतं, त्या गटावर हायड्रोजन किती उरले ते नाही. C–H च्या जागी C–C बंध आला तर तोही इलेक्ट्रॉन देतो.

याचा देखणा पुरावा १-अ‍ॅडमँटिल कॅटायनमध्ये आहे. α-हायड्रोजन मोजले तर सहा, पण पिंजऱ्याच्या बांधणीमुळे ते रिकाम्या कक्षकाशी नीट जुळतच नाहीत. जुळतात ते पुढचे C–C बंध. लाउबे यांनी १९८६ साली त्याच्याच ३,५,७-ट्रायमिथिल रूपाची स्फटिकरचना काढली. धनभारित कार्बनचे बंध आखडून सुमारे १.४३ अँगस्ट्रॉम झालेले, आणि नेमके ते पुढचे C–C बंध ताणून १.६ च्या आसपास गेलेले. साधा C–C बंध १.५४ असतो. इलेक्ट्रॉन कुठून आले आणि कुठे गेले, ते या लांब्यांवरून वाचता येतं.

जुना_प्लांटवाला
कॅटायनचं मान्य. कोनाच्या प्रयोगाला माझ्याकडे उत्तर नाही. पण अल्कीनमध्ये धनभार कुठे आहे? तिथे मला दुसरंच कारण दिसतं. sp² आणि sp³ कार्बनमधला बंध दोन sp³ कार्बनमधल्या बंधापेक्षा मजबूत असतो. १-ब्युटीनमध्ये असा एक बंध, २-ब्युटीनमध्ये दोन. दुहेरी बंध आत सरकला की मजबूत बंध वाढले, झालं. शिवाय सिस आणि ट्रान्स २-ब्युटीनमध्ये α-हायड्रोजन सारखेच सहा, तरी ट्रान्स सुमारे ४ किलोज्यूलने स्थिर. ते कुठल्या हायपरकॉन्जुगेशनने सांगणार?

वर्णपट
सिसमध्ये दोन मिथिल गट एकाच बाजूला येऊन दाटी करतात, ते वेगळं कारण आहे आणि ते हायपरकॉन्जुगेशनच्या खात्यात टाकूच नये. बंधाच्या मजबुतीचा तुमचा मुद्दा मात्र वजनदार आहे. अल्कीनमध्ये C–H बंधाचे इलेक्ट्रॉन π* कक्षकात जातात, आणि तो कॅटायनच्या रिकाम्या p कक्षकापेक्षा बराच उंच असतो, त्यामुळे परिणाम दुबळा. सबंध फरक ६ ते १४ किलोज्यूलचा. त्यातला किती हिस्सा हायपरकॉन्जुगेशनचा आणि किती sp² बंधाचा, हे वेगळं काढायला कॅटायनसारखा सरळ प्रयोग नाही. गणनेच्या पद्धती हिशोब वेगवेगळा मांडतात. माझा कल हायपरकॉन्जुगेशनकडे आहे, पण कॅटायनबद्दल जितक्या खात्रीने बोलते तितक्या खात्रीने अल्कीनबद्दल बोलणार नाही.

क्लासवाला_मास्तर
हिस्से वेगळे काढता येत नसतील तर परीक्षेत मुलांनी हायपरकॉन्जुगेशनच लिहावं, गुण त्यालाच आहेत. अ‍ॅडमँटिलचं उदाहरण मात्र पुढच्या बॅचला फळ्यावर काढून दाखवणार.

बारावी_लातूर
म्हणजे कॅटायनच्या उत्तरात +I लिहिला तर चूक धरतील की अर्धे गुण?

जुना_प्लांटवाला
चूक नाही, अपुरं. भार असला की थोडी ओढ असतेच, ती कोणी नाकारलेली नाही. उत्तराच्या सुरुवातीला हायपरकॉन्जुगेशन लिहा, आणि C–H बंध रिकाम्या p कक्षकाला समांतर दिसेल अशी आकृती काढा.