लग्नानंतर एकत्र राहिलात की चूल वेगळी केलीत? हिशेबासकट सांगा

धाकटी सून, गावभाग

लग्नाला अडीच वर्षं झाली. सांगलीत गावभागात सासरचं जुनं दुमजली घर. सासू-सासरे, दीर-जाऊबाई, पुतण्या आणि आम्ही दोघं, अशी सात माणसं. नवरा कुपवाडला एमआयडीसीत, हातात ३१ हजार. मी मिरजेत लॅबमध्ये, १६ हजार. घरखर्चाला दर महिन्याला १४ हजार मामंजींच्या हातात देतो, म्हणजे आमच्याकडे ३३ राहतात.

विश्रामबागेत वन बीएचके बघितला. भाडं साडेआठ, मेंटेनन्स ७००, वीज धरली ९००, आणि गॅस, किराणा, दूध, भाजी मिळून साडेनऊ. बेरीज १९,६००. म्हटलं, साडेपाच हजारच जास्त, जमेल की. वहीत मांडून सासूबाईंना दाखवलं. त्यांनी वही नीट वाचली आणि विचारलं, "आणि इकडचं?" मामंजींना पेन्शन नाही. इकडे पाच हजार तरी द्यावे लागणारच. मग शिल्लक २२,४००.

भांडण म्हणाल तर काही नाही. पण परवा स्टँडजवळ दोन वडापाव घेतले आणि गाडीवर बसूनच खाल्ले. घरी न्यायचे तर सात न्यायला हवेत, आणि सात नेले की "बाहेरचं कशाला आणलंस". ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, कशात किती गेलं आणि काय मिळालं.

दोन वर्षं बाहेर, आता परत

तुमच्या हिशेबात पहिला महिना नाही. डिपॉझिट ३० हजार परत मिळतं म्हणून खर्चात धरत नाहीत, पण ते अडकतं. शेगडी, फ्रिज, गादी, कपाट, मिक्सर, पडदे, बादल्या. आमचे ७० हजार गेले, त्यातलं निम्मं हप्त्यावर.

आणि मूल झालं की सगळी बेरीज उलटी होते. माझी मुलगी आठ महिन्यांची झाल्यावर कामावर जायचं ठरलं. पाळणाघराचे साडेचार हजार, शिवाय तिला ताप आला की माझी रजा, रजेचा पगार कापला. तीन महिन्यांत अकरा खाडे झाले. शेवटी परत आलो. आता मुलगी आजीजवळ असते. पण खरं सांगते, परत येताना उंबऱ्यात पाय अडखळला. जाऊबाई हसून म्हणाल्या, "झाली का हौस?" चार वर्षं झाली त्याला, अजून ऐकू येतं.

विश्रामबाग, दुसरा मजला

आम्ही २०१७ ला गावभागातूनच बाहेर पडलो. मामंजी सहा महिने बोलले नाहीत. सणाला गेलो तरी पेपर वाचत बसायचे.

ऑगस्ट २०१९ ला कृष्णा वाढली. आयर्विन पुलाजवळ पंचेचाळीस फुटाला धोक्याची पातळी, पाणी त्याच्याही बरंच वर गेलं. आदल्या रात्री ह्यांनी सगळ्यांना आमच्याकडे आणलं. दोन खोल्यांत अकरा माणसं, नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत सासूबाईंनी एकही डबा मला विचारल्याशिवाय उघडला नाही. "अगं, तुझ्याकडं हळद कुठं असते?" असं रोज विचारायच्या, तिसऱ्या दिवशीसुद्धा. तिकडे होते तेव्हा माझं कपाटही न विचारता लागायचं. पाणी ओसरल्यावर चिखल काढायला मात्र आम्ही सगळे तिकडे. २०२१ ला पाणी पुन्हा आलं, तेव्हा मामंजी स्वतःच बॅग घेऊन आले, बोलवावं लागलं नाही.

द्राक्षवाला, तासगाव

आमच्यात हा प्रश्नच नसतो. पोरांच्या शाळेसाठी मी सांगलीत राहतो, पण ऑक्टोबर छाटणीला आणि डिपिंगला बागेत हजर. भावाने एकदा म्हटलं, मजूर लावू, तू नको येऊस. तेवढं म्हटलं आणि मला रात्रभर झोप नाही. चूल कुठंही मांडा, बाग एक पाहिजे.

वरच्या मजल्यावर

बाग एक, पण वहिनींची नोकरी लॅबमध्ये आहे, ओ! धाकट्या सूनबाई, तुमचं घर दुमजली म्हणताय. वर चूल मांडता येईल का बघा. आम्ही तेच केलं. भाडं वाचतं आणि हाकेच्या अंतरावर माणसं राहतात.

मीटर मात्र वेगळा घ्या. महावितरणचा दर युनिटं वाढतील तसा चढतो. शंभराच्या वर एकदम जास्त, तीनशेच्या वर आणखी. आमची दोन्ही मजल्यांची मिळून ३४० युनिटं एका मीटरवर पडायची. आता खाली १८० आणि वर १६०. स्थिर आकार दोनदा भरूनही पाचसहाशे वाचतात. अर्ज केला तेव्हा माणूस बघायला आला होता. आमचा जिना बाहेरून आहे आणि वर स्वयंपाकघर आहे म्हणून काम झालं. आतून जिना असेल तर आधी चौकशी करा.

एक अडचण सांगतो. वास वर-खाली जातो. आमच्याकडे अंडी केली की खालून लगेच आवाज, "आज काय आहे?"

अनुभवी जावई

जरा जपून. वेगळी चूल मांडली की घरातला हक्क जातो. माझ्या मावसभावाचा असाच गेला.

निवृत्त, महसूल खातं

जात नाही. ३४ वर्षं हेच कागद बघितलेत. चूल वेगळी म्हणजे वाटणी नव्हे. हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र लागतं, तेही सबरजिस्ट्रारकडे नोंदवलेलं. तुमच्या मावसभावाने कुठंतरी सही केली असणार, विचारून बघा.

मात्र धाकट्या सूनबाईंनी आधी प्रॉपर्टी कार्डावर नाव कुणाचं आणि ते कसं आलं ते काढून बघावं. मामंजींनी स्वतःच्या कमाईने घेतलं असेल तर ते कुणाला द्यायचं ही त्यांची मर्जी. वडिलोपार्जित असेल तर गोष्ट वेगळी.

खरा घोळ वरच्या मजल्यावर होतो. माझ्याच शेजारी धाकट्याने वडिलांच्या घरावर स्लॅब टाकला, सहा लाख घातले, काही बँकेतून, काही रोख. कागद एक नाही. वडील गेले. आता थोरला म्हणतो, घर बाबांचं, स्लॅबही बाबांचा. पैसे घालणार असाल तर चेकने द्या, बिलं स्वतःच्या नावावर ठेवा आणि सगळे हसतखेळत असतानाच दोन ओळी लिहून घ्या. भांडण लागल्यावर कुणी लिहून देत नाही.

अनुभवी जावई

त्याने सही केली होती, काका. आत्ता फोन केला. बहिणीच्या लग्नावेळी म्हणे.

दोन वर्षं बाहेर, आता परत

काका, लिहून कसं मागायचं हो? सासऱ्यांच्या पुढ्यात कागद ठेवायचा?

निवृत्त, महसूल खातं

सुनेने ठेवू नये. मुलाने ठेवावा, आणि भावाच्या देखत. तेव्हा अवघड वाटतं, कबूल.

धाकटी सून, गावभाग

फ्लॅटवाल्यांना कळवलं की सध्या नको. आमचा जिना आतूनच आहे, त्यामुळे मीटरचं होईल असं वाटत नाही. तरी वरच्या खोलीत शेगडी आणि छोटा फ्रिज ठेवायचा विचार आहे. रात्रीचं जेवण खाली सगळ्यांबरोबर, सकाळचा डबा वर. घरखर्चाचे १४ चे ११ करायचे की तेवढेच द्यायचे यावर आमचं दोघांचंच अजून पटलेलं नाही. प्रॉपर्टी कार्डाचं नवरा बघतो म्हणाला, भावाला सांगूनच.

सासूबाईंना रविवारी सांगणार आहे. वडापावचं सांगू नकोस म्हणतोय तो.