अनुभव धागा: "एवढंच आहे" यावर पुन्हा विश्वास कसा बसला?

रानजाई
दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत स्वेटरांखाली क्रेडिट कार्डाची स्टेटमेंटं सापडली. थकबाकी १ लाख ८० हजार. नवरा म्हणाला, "एवढंच आहे, शपथ." तीन आठवड्यांनी चार लाखांचं पर्सनल लोन बाहेर आलं. संक्रांतीला पाटल्या काढायला गेले, तर त्या गहाण. सगळे पैसे ऑप्शन ट्रेडिंगमध्ये गेले होते. पहिल्या धक्क्यातून मी सावरलेही असते, पण "एवढंच आहे" तीनदा ऐकलं, ते अजून कानात आहे. आता त्याचं ट्रेडिंग बंद आहे, हप्ते चालू आहेत, आणि मी मात्र रोज त्याचा फोन बघते. ज्यांच्यावर हे बेतलंय त्यांनी सांगा: सगळं बाहेर आलंय याची खात्री कशी केलीत? आणि तपासणं कधी थांबवलंत?

सांगलीचा
सोप्पंय. सिबिलचा रिपोर्ट काढा, त्यात सगळं दिसतं. वर्षातून एकदा फुकट मिळतो. आणि लक्षात ठेवा, नवऱ्याचं कर्ज शेवटी बायकोलाच फेडावं लागतं.

पतपेढीवाला
सांगलीकर, अर्धं बरोबर. बायको सहकर्जदार किंवा जामीनदार नसेल तर बँक तिच्याकडून वसूल करू शकत नाही. नवरा गेल्यावर वारस म्हणून देणं येतं, तेही त्याच्याकडून जेवढी मालमत्ता मिळाली तेवढ्यापुरतंच.

रिपोर्टचं म्हणाल तर मी वीस वर्षं पतसंस्थेत आहे. आमच्यासारख्या कित्येक पतसंस्थांचं कर्ज त्यात येत नाही. हातउसने, भिशी, सराफाकडची गहाणवट, मित्राच्या नावावर घेतलेलं कर्ज, यातलं काहीच येत नाही. बँकेची कर्जं, कार्डं, फायनान्स कंपन्यांचं सोनेतारण येतं, आणि कुणाला जामीन राहिलेला असेल तर बहुतेक वेळा तेही. रानजाईताई, रिपोर्टच्या शेवटी "एन्क्वायरी" नावाचा भाग असतो, लोक तिथवर जातच नाहीत. कुठल्या तारखेला कोणाकडे कर्ज मागितलं ते तिथे दिसतं. गेल्या सहा महिन्यांत तिथे नवी नोंद नसेल तर निदान बँकांचं दार वाजवलेलं नाही एवढं कळतं. असा रिपोर्ट देणाऱ्या चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षाला एक रिपोर्ट फुकट, म्हणजे दर तीन महिन्यांनी एक काढता येतो. ओटीपी त्यांच्याच फोनवर येणार, म्हणून शेजारी बसून काढा.

आणि कार्ड आधी संपवा. १ लाख ८० हजारांवर महिना साडेतीन टक्के धरलं तर व्याज ६,३००, त्यावर जीएसटी १,१३४. मिनिमम म्हणून ९,००० भरले तर मुद्दल जेमतेम दीड हजाराने उतरतं. माणूस "भरतोय की" म्हणतो तेव्हा खोटं बोलत नसतो, पण कर्ज जागचं हलत नाही.

कुंदामावशी
आमच्याकडे दिरांनी सासूबाईंच्या सहीने सातबाऱ्यावर बोजा चढवला, पंधरा वर्षं झाली, अजून निस्तरतोय. भाऊ-भाऊ बोलत नाहीत. सही करताना वाचा गं पोरींनो.

नीलमोहर
मावशी, धागा नवरा-बायकोचा आहे 🙂 पण सहीचं खरंय.

मी दुसऱ्या बाजूची. लपवणारी मीच होते. बाबांच्या डायलिसिससाठी दोन वर्षं माहेरी पैसे देत होते आणि घरी "पगार वाढलाच नाही" म्हणत होते. नवऱ्याला कळलं तेव्हा तो म्हणाला, "मी नाही म्हणालो असतो असं तुला वाटलं?" याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही, कारण तो नाही म्हणाला असता असंच मला वाटतं.

फोन तपासण्याबद्दल: सुरुवातीला त्यानेही तपासला. मला पोलीस चौकीत बसल्यासारखं व्हायचं, आणि खरं सांगते, तेव्हा मी आणखी लपवायला शिकले. बदललं ते पाच तारखेने. पगार झाला की पाच तारखेला रात्री दोघांची पासबुकं, कार्डाचं बिल, सगळं जेवणाच्या टेबलावर. मी आधी सांगायचं, मग त्याने बघायचं. हा क्रम महत्त्वाचा होता. दोन हजारांपर्यंतच्या खर्चाचा हिशेब कोणी कोणाला विचारायचा नाही. बाबांचे पैसे आता वहीत "डायलिसिस" या नावानेच लिहिले जातात.

रानजाई
पतपेढीवाले दादा, काल रात्री शेजारी बसून रिपोर्ट काढला. एन्क्वायरीत मार्चची एक नोंद निघाली, कुठल्याशा फायनान्स कंपनीची. तो म्हणतो, फ्रिज हप्त्याने घेता येईल का ते दुकानात विचारलं होतं. फ्रिज आम्ही मार्चमध्येच रोखीने घेतला, बिल आहे. खरं असेल. तरी मी बिलावरची तारीख जाऊन बघितलीच.

सांगलीचा
तारीख जुळली का?

रानजाई
चार दिवसांचा फरक आहे. पाच तारखेला विचारणार आहे.