मदत हवी आहे: गिझरच्या बॉडीला २१० व्होल्ट, तरी एमसीबी पडला नाही. असं का?

माळरान_घर
गाव सातारा जिल्ह्यात, जमीन मुरमाड. गेल्या आठवड्यात आईला गिझरला हात लागताच जोरदार झटका बसला, नशिबाने पायात रबरी चप्पल होती. उघडून पाहिलं तर फेजची वायर टर्मिनलपाशी सोलून बॉडीला टेकलेली. अंगणातल्या ओल्या मातीत खिळा ठोकून मल्टीमीटर लावला, बॉडी ते खिळा २१० व्होल्ट. थर्मोस्टॅटने गिझर बंद केलेला, घरातलं बाकी सगळं बंद, तरी मीटरचा दिवा सेकंदाला एकदा लुकलुकत होता.

आता कोडं असं. पुण्यात बहिणीच्या फ्लॅटमध्ये अगदी हाच फॉल्ट झाला होता, तिथे एमसीबी त्याच क्षणी पडला. दोन्हीकडे १६ अँपिअरचा, सी कर्व्हचाच. आमच्याकडे अर्थिंग आहे, वायरमनने मोजून ४६ ओहम सांगितलं. मग एमसीबी खराब म्हणायचा का?

तांब्याची_पट्टी
मीठ-कोळसा टाकून नवा खड्डा घ्या, रोज पाणी घाला. अर्थिंग एक ओहमच्या आत आणलं की एमसीबी पडणारच.

जुना_टेस्टर
एमसीबी ठणठणीत आहे, त्याच्यापर्यंत पुरेसा करंटच पोचला नाही.

तुमच्या घरी डीपीच्या ट्रान्सफॉर्मरवरून फक्त फेज आणि न्यूट्रल येतात, अर्थ तुमचा तुम्ही जमिनीत घेतलेला. याला टीटी म्हणतात. फॉल्टचा करंट तुमच्या खड्ड्यातून मातीत उतरतो आणि डीपीच्या अर्थिंगमधून न्यूट्रलला जाऊन मिळतो. डीपीचे चार ओहम धरू, एकूण पन्नास. २३० भागिले ५० म्हणजे ४.६ अँपिअर. सोळाच्या एमसीबीला हा नेहमीचाच लोड वाटतो, तो आयुष्यभर पडणार नाही. बॉडीवर ४.६ गुणिले ४६, म्हणजे सुमारे २११ व्होल्ट. तुमच्या मल्टीमीटरने तेच दाखवलं. आणि मीटरचा दिवा लुकलुकत होता, कारण जवळपास एक किलोवॅट वीज अंगणात मुरत होती.

बहिणीच्या सोसायटीचा बहुधा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असेल आणि तिथूनच अर्थची वेगळी वायर फ्लॅटपर्यंत आली असेल. ते टीएन-एस. करंटला माती लागतच नाही, तांब्यातूनच परत जातो. पूर्ण फेरा ०.७ ओहमचा धरला तर करंट तीनशेच्या वर. सी कर्व्हचा सोळा १६० अँपिअरला तत्क्षणी पडतो.

तांब्याची_पट्टी, मुरमात एक ओहम आणणं सोपं नाही. आणलं तरी डीपीचे चार ओहम राहतातच, करंट ४६ अँपिअर. त्यावर एमसीबी पडेल, पण काही सेकंद घेईल. शॉकसाठी तेवढा वेळ फार झाला.

टीटीवर उपाय एकच, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. तो जाणारा आणि येणारा करंट ताडून पाहतो, ४.६ अँपिअरचा फरक दिसला की ४० मिलिसेकंदांच्या आत तोडतो. ३० मिलिअँपिअर गळत असताना तुमच्या ४६ ओहमवर दीड व्होल्टसुद्धा येत नाही.

शॉर्टकट
एवढा खर्च कशाला? बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाका. फॉल्ट झाला की शॉर्ट सर्किट, एमसीबी पडतो. आमच्या वायरमनने सगळीकडे असंच केलंय.

जुना_टेस्टर
एमसीबी पडेल हे खरं. परदेशात कंपनीच अशी जोडणी देते, पण तिथे न्यूट्रल वाटेत ठिकठिकाणी जमिनीत घेतलेला असतो. आपल्या खांबावरचा न्यूट्रलचा सांधा सुटला तर? एक किलोवॅटचा हीटर चालू असला तर त्याच्यातून आलेला करंट जोडणीतून खड्ड्यात उतरेल आणि फ्रिज, पंखा, गिझर सगळ्यांच्या बॉडीवर शंभर व्होल्टच्या आसपास येईल. कुठेही फॉल्ट नसताना. शिवाय जोडणी आरसीसीबीच्या पुढे, घराच्या बाजूला असली तर तो टिकतच नाही, सारखा पडत राहील.

लग्नमंडप_साउंड
माझा प्रश्न थोडा वेगळा. भाड्याच्या जनरेटरवर फेज स्पीकरच्या बॉडीला लागली, काहीच पडलं नाही, शॉकही नाही. आरसीसीबी होता, टेस्टचं बटण दाबलं तर पडतोय. मग अर्थिंग चांगलं आहे असं समजू का?

जुना_टेस्टर
नका समजू. ते बटण फक्त आतली यंत्रणा तपासतं, अर्थिंग नाही. तुमच्या जनरेटरचा न्यूट्रल कुठेच जमिनीला जोडलेला नसेल, म्हणून करंटला परतीची वाट नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये मुद्दाम असंच ठेवतात, आयटी म्हणतात, पहिल्या फॉल्टला वीज जाऊ नये म्हणून. पण तिथे इन्सुलेशनवर लक्ष ठेवणारं यंत्र घंटा वाजवतं. तुमच्याकडे ते नाही, पहिला फॉल्ट कळतच नाही. दुसरा फॉल्ट दुसऱ्या वायरवर दुसऱ्या स्पीकरला झाला की दोन्हींना एकदम हात लावणारा सापडला. जनरेटरचा न्यूट्रल जमिनीत घ्यावा का, हे जनरेटर बघितल्याशिवाय मी सांगणार नाही.

माळरान_घर
आरसीसीबी आणतो. तो लावल्यावर अर्थिंगचा खड्डा राहू दिला काय, नाही काय, सारखंच ना?

जुना_टेस्टर
अजिबात नाही. खड्डा असेल तर बॉडीला फेज लागताच आरसीसीबी पडेल, तेव्हा आई स्वयंपाकघरात असेल. खड्डा नसेल तर करंट जायला पहिली वाट आईच्या हातातून मिळेल, मग पडेल. आणि कुणी एका हाताने फेज, दुसऱ्याने न्यूट्रल धरला आणि जमिनीकडे करंट गेलाच नाही, तर तो मुळीच पडणार नाही.

माळरान_घर
बोअरच्या मोटारीलाही तोच एक पुरेल का? तिचा करंट ओल्या दिवसांत थोडा गळतो, वायरमन म्हणतो सारखा पडेल.

तांब्याची_पट्टी
आमचा पडतो. काढून ठेवलाय शेवटी.

जुना_टेस्टर
काढू नका, मोटारीला वेगळा लावा, म्हणजे तो पडला तरी घर चालू राहील. आधी केबलच्या सांध्याचं इन्सुलेशन मेगरने मोजून घ्या. आकडा इथे टाका, मग बोलू.