शब्दचर्चा: जबडा ‘अडकला’, ‘निखळला’ की ‘दातखिळी बसली’?

भाषांतरवाली
दंतवैद्यांच्या ओपीडीत ठेवायच्या माहितीपत्रकाचं मराठी करते आहे. विषय कानापुढचा जबड्याचा सांधा. त्यात तोंड पुरतं उघडत नाही तो ‘क्लोज्ड लॉक’ आणि उघडलेलं मिटत नाही तो ‘ओपन लॉक’ असे दोन प्रकार आहेत. पहिल्याला मी ‘दातखिळी’ लिहिलं, दुसऱ्याला ‘जबडा निखळणे’. तपासणाऱ्यांनी दातखिळीवर लाल रेघ मारून ‘जबडा अडकणे’ सुचवलं. पण अडकतो तर दोन्हींत! शिवाय आतल्या डिस्कला चकती म्हणू की गादी?

पंतोजी
दातखिळीच योग्य. तोंड उघडत नाही म्हणजे खीळ बसली, इतकं सरळ आहे. अस्सल शब्द हाताशी असताना ‘लॉक’ मिरवायची हौस कशाला? जंभ म्हणजे दात, त्यावरून जबडा, त्यावरूनच जांभई.

कोशकीडा
जांभई ‘जृंभा’वरून आली, तिला जंभाशी जोडू नका. जबड्याबद्दल दाखला असेल तर द्या. आणि दातखिळी बसते ती भीतीने, थंडीने, फेफऱ्यात, धनुर्वातात. स्नायू आवळून दात दातांवर गच्च बसतात. पत्रकातल्या रुग्णाचे दात तसे बसलेत का, हे आधी विचारा.

सांधेजोड
नाही बसलेले. तिथेच शब्द चुकतो. तोंड दोन बोटं उघडतं, पुढे जात नाही. खालच्या जबड्याच्या हाडाचं टोक आणि कवटीतली खाच यांच्यामध्ये ही डिस्क असते. मधे पातळ, कडांना जाड, मागची कड सर्वांत जाड. दात मिटलेले असताना ती जाड कड टोकाच्या बरोब्बर माथ्यावर, घड्याळात बाराच्या जागी बसते. तोंड उघडायला लागलं की टोक आधी जागच्या जागी फिरतं, नंतर डिस्कसकट पुढे घसरतं. डिस्क आधीच पुढे सरकलेली असेल, तर टोक जाड कडेवरून उडी मारून तिच्याखाली शिरतं. ती उडी म्हणजे ‘कट्’ आवाज. एक दिवस उडी जमत नाही. आवाज बंद होतो, डिस्क पुढे पाचरीसारखी राहते आणि टोक घसरायचं थांबतं. हा क्लोज्ड लॉक. आवाज थांबला म्हणून पेशंट खूश होतो, इथेच फसगत.

पंतोजी
म्हणजे पगडी कपाळावर घसरावी तसं. मग ‘पाचर बसली’ म्हणा. खिळीपासून फार लांब नाही गेलो!

वाफारा
धनुर्वाताची लस वेळेवर घेतली असेल तर काळजी नको. गंजका खिळा लागला असेल तर मात्र लगेच इंजेक्शन.

सांधेजोड
वाफारा, प्रश्न तो नाही. पण तुमचा गैरसमज हाच दातखिळी न लिहिण्याचा सगळ्यात मोठा पुरावा. पत्रकात तो शब्द दिसला की वाचणाऱ्याच्या डोक्यात थेट धनुर्वात येतो.

खानदेशी
आमच्याकडे तोंड कमी उघडतं म्हटलं की आधी सुपारी-गुटखा विचारतात. तिखट लागलं की आग होते, गालात आतून दोरीसारखे पट्टे लागतात आणि महिन्यामहिन्याने तोंड आखडत जातं. त्याला लोक ‘तोंड आखडलं’ म्हणतात. हा शब्द पत्रकात भलत्या जागी नका वापरू.

भाषांतरवाली
छान, म्हणजे तिसरा शब्दही गेला. मग हे तिन्ही वेगळे ओळखायचे कसे? तो परिच्छेदही माझ्याच वाट्याला आहे.

सांधेजोड
पट्टी घ्या. समजा एका बाईंना दोन वर्षं डाव्या कानापुढे न दुखणारा कट् आवाज होता. एका सकाळी आवाज गेला आणि घास मोठा घेता येईना. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर २६ मिलीमीटर. वरचे दात खालच्यांना ३ मिलीमीटर झाकतात, ते मिळवायचं, म्हणजे २९. चाळिशीच्या आसपास हवं. आता अंगठा वरच्या दातांवर, तर्जनी खालच्यांवर ठेवून हळू ताण द्या. दोनच मिलीमीटर वाढलं आणि टणक थांबलं, तर अडथळा सांध्यात. स्नायू आवळलेला असता तर पाच-सात मिलीमीटर मऊपणे मिळाले असते. उघडताना हनुवटी डावीकडे वळते आणि तिथेच राहते. डावीकडे जबडा नीट सरकतो, उजवीकडे जेमतेम. कारण उजवीकडे जायला डाव्या टोकाला पुढे घसरावं लागतं, आणि तेच बंद आहे.

कोशकीडा
इथे क्रियापद महत्त्वाचं. हनुवटी ‘वळून मधे परतते’ आणि ‘वळून राहते’ या दोन वेगळ्या गोष्टी दिसतात.

सांधेजोड
अगदी. परतते तेव्हा टोक डिस्कखाली शिरलेलं असतं. दाबून बघण्यासाठीही क्रियापद जपून वापरा. गालाच्या आणि कानशिलाच्या स्नायूवर एक किलो, मिटल्या तोंडी सांध्याच्या बाहेरच्या टोकावर अर्धा किलो. किचनच्या वजनकाट्यावर बोट दाबून सराव करा. सांधा जोरात दाबला तर कोणालाही दुखतं आणि निदान खोटं येतं.

पंतोजी
मग बसवा की एकदा दाबून! पूर्वी अंगठ्यांना कापड गुंडाळून बसवत.

सांधेजोड
ती रीत ओपन लॉकची. तिथे टोक खाचेपुढच्या उंचवट्याच्याही पुढे जाऊन अडकलेलं असतं, तोंड मिटतच नाही. अंगठे खालच्या दाढांवर, आधी खाली, मग मागे. क्लोज्ड लॉकमध्ये घरच्या कोणी हे केलं तर डिस्कच्या मागचा रक्तवाहिन्या आणि नसांनी भरलेला भाग आणखी चिरडतो. दोन्हींना एकच ‘अडकणे’ का नको, ते यासाठी.

कोशकीडा
जुन्या वैद्यकात ‘हनुग्रह’ मात्र दोन्हींना एकच. विवृतास्य म्हणजे तोंड उघडं राहिलेलं असो वा संवृतास्य म्हणजे मिटलेलं. कारणांत सुक्या पदार्थांचं चर्वणही दिलंय.

भाषांतरवाली
विवृतास्य लिहिलं तर पत्रक कोण वाचेल? उपचारांचं बोला. ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ला ‘सनातनी उपचार’ लिहिलेला मसुदा आलाय माझ्याकडे.

खानदेशी
हाहा. ‘बिनकापाकापीचे’ लिहा.

सांधेजोड
‘परत फिरता येण्यासारखे’ हा खरा अर्थ. सुरुवात समजावण्यापासून. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. दोन आठवडे मऊ भात, खिचडी, घास लहान. च्युइंगगम, मक्याचं कणीस नाही. जांभई येताना हनुवटीखाली मूठ. ओला शेक १५ ते २० मिनिटं, दिवसातून दोनदा. दुखत असेल तर डॉक्टरांनी पोट आणि मूत्रपिंड विचारात घेऊन दिलेली सूज उतरवणारी गोळी, काही दिवसच. दुखणं उतरायला लागलं की ताणाचे व्यायाम. जीभ टाळूला लावून सहा वेळा उघडायचं, आणि असं दिवसातून सहादा. सांध्याला कळ आली तर मागे या. त्याने जमेना तर रात्री सगळ्या दातांवर कवचासारखी बसणारी कडक स्प्लिंट. अर्धीमुर्धी बसवली तर मोकळे राहिलेले दात हळूहळू वर येतात आणि चावा बिघडतो. दात घासून चावा ‘जुळवणं’ तर नकोच, घासलेला दात परत येत नाही. काही आठवड्यांत फरक पडला नाही तर सांध्यात सुया घालून धुण्याचा विचार, तोही तज्ज्ञाकडे. डिस्क जागेवर परतली नाही तरी पुष्कळांचं तोंड महिन्यांत मोकळं होतं. मागचा भाग जाड होऊन तिचं काम सांभाळतो. आणि न दुखणाऱ्या नुसत्या कट् आवाजाला उपचार लागत नाही.

कोशकीडा
म्हणून ‘चकती बसवणे’ असं लिहू नका. बसवायचीच नाहीये.

पंतोजी
‘गादी’ लिहा. मणक्यातली गादी सरकते तशी.

खानदेशी
मग पेशंट कमरेचा पट्टा शोधेल. ‘दाभाडातली गादी’ म्हणा.

कोशकीडा
दाभाड म्हणजे जबडा की गाल, यावर इथे आधी एकमत होऊ द्या.

भाषांतरवाली
सध्या ‘मिटता अडकलेला’ आणि ‘वासलेला अडकलेला’ लिहिलंय. ‘मिटता’ ऐकायला विचित्र वाटतं का?

पंतोजी
वासणे फक्त ‘आ’चं. जबडा वासत नाही, तोंड वासतं.

खानदेशी
वाघ जबडा वासतो की.