वाढीव मोबदल्याचं व्याज: करमुक्त की निम्मं करपात्र?

तळ्याकाठचा: पाझर तलावात 2006 साली वडिलांची जमीन गेली. कोर्टाने वाढवलेला मोबदला 2022 मध्ये मिळाला: दिलासा रकमेसह 6 लाख आणि त्यावर 14 लाख 4 हजार व्याज. व्याजावर 10 टक्के टीडीएस कापला होता. सगळंच करमुक्त दाखवून परतावा मागितला, तर आता नोटीस आली आहे: सूट कोणत्या आधाराने आणि व्याज उत्पन्नात का दाखवलं नाही? उत्तर काय द्यावं?

बांधावरून: घाबरू नका. 2013 च्या कायद्याच्या कलम 96 ने मोबदल्यावर आयकर नाही, एवढंच लिहा. समृद्धीला आमची जमीन गेली तेव्हा एक रुपयाही कर भरला नाही.

हिशेबनीस: तुमची जमीन थेट खरेदीने गेली, त्यात व्याज होतं कुठे? यांचा निवाडा 1894 च्या कायद्याखालचा दिसतो, तिथे कलम 96 लावलं तर अधिकारी पहिल्याच ओळीला थांबवेल. 6 लाखांना त्याची गरजही नाही. जमीन गावाकडची, नगरपालिकेच्या हद्दीपासून ठरलेल्या अंतराबाहेर असेल तर ती आयकराच्या लेखी भांडवली मालमत्ताच नाही. पीकपाहणीसह सातबारा आणि अंतराचा दाखला जोडा. खरा प्रश्न व्याजाचा. 2010 पासून ते ज्या वर्षी हाती येतं त्याच वर्षीचं उत्पन्न धरतात आणि आयकर कायद्याच्या कलम 57(iv) ने निम्मी वजावट देतात. म्हणजे 7 लाख 2 हजार करपात्र. दुसरं उत्पन्न नसेल तर जुन्या पद्धतीने कर सुमारे 55 हजार. कापलेत 1,40,400, तेव्हा 85 हजार तरी परत मिळायला हवेत.

कोर्टाची पायरी: निम्मं तरी का सोडायचं? घनश्याम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्येच सांगितलंय की 1894 च्या कायद्यातलं कलम 28 चं, म्हणजे कोर्टाने वाढवलेल्या रकमेवरचं व्याज हा मोबदल्याचाच भाग. गुजरात उच्च न्यायालयाने 2010 च्या तरतुदीनंतरही तेच धरलं.

हिशेबनीस: आणि पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने उलट धरलं, ते का गाळता? लढायचं तर लढा, पण उत्तरात दोन्ही लिहा: मुख्य म्हणणं करमुक्त, ते मान्य नसेल तर निम्मी वजावट द्या. आधी मात्र कोर्टाचा हिशेबाचा तक्ता बघा. कलम 28 आणि कलम 34 वेगळे आहेत. 34 म्हणजे मूळ निवाड्याची रक्कम उशिरा दिल्याचं व्याज, त्याला घनश्यामचा आधार नाही. आणि त्यात 12 टक्क्यांची रक्कम दिसली तर ती व्याजात मोजू नका. कलम 23(1-अ) ची ती वाढ मोबदल्यातच येते. कारकून सर्रास एकाच रकान्यात घालतात.

तळ्याकाठचा: तक्ता वकिलांकडे आहे. टीडीएसच्या नोंदीत सगळं नुसतं ‘व्याज’ म्हणूनच दिसतंय.

हिशेबनीस: म्हणूनच नोटीस आली. आदेशाची नक्कल आणि तक्ता, दोन्ही पोर्टलवर चढवा. वेळ अपुरा वाटला तर मुदत संपायच्या आत वाढवून मागा.

कोर्टाची पायरी: वजावट मागितली की व्याज करपात्र असल्याचं तुम्हीच कबूल केलंत, असं अपिलात म्हणतील.

हिशेबनीस: ‘पर्यायाने’ असं स्पष्ट लिहिलं की म्हणता येत नाही. 7 लाखांवरचा कर टाळल्याचा दंड अंगावर येण्यापेक्षा ते बरं.

कोर्टाची पायरी: वादाचा मुद्दा उघडपणे मांडला तर दंड कसला? मी तर पूर्ण परताव्यावरच अडून बसलो असतो.